किल्ली देण्याघेण्याचा दिवस

सकाळी 8

शनिवारी सभागृहाची दोन्ही सत्रं भरलेली असतात. सकाळचं सत्र 9 ते 1, संध्याकाळचं साडेचार ते साडेआठ. पुण्यातल्या आमच्या संस्थेचं हे सभागृह 180 खुर्च्यांचं आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे आणि सभागृहाच्या भाड्यातून ग्रंथालयाचा बराचसा खर्च निघतो. आरक्षण, हिशोब, ताबा देणं आणि ताबा परत घेणं ही माझी कामं.

आठ वाजता सफाईच्या मावशी आणि साउंडचे दादा येतात आणि आम्ही तिघं मिळून सभागृहात एक फेरी मारतो. हातात एक छापील पान असतं, त्याला आम्ही ताबा-पत्रक म्हणतो. त्यावर खुर्च्यांच्या ओळी अ, ब, क, ड अशा अक्षरांनी छापलेल्या आहेत आणि प्रत्येक ओळीत 15 चौकटी आहेत. आज ‘ड’ ओळीतल्या सातव्या खुर्चीची लिहायची फळी आधीच तुटलेली आहे, तिथे मी फुली मारते. मंचाच्या डाव्या कडेला लाकडावर जुना ओरखडा आहे, त्याचीही नोंद होते. दादा चारही माईक एकेक करून चालू करतात, जाळी बघतात, सेल नवे घालतात. प्रोजेक्टर लावून पडद्यावर चित्र सरळ येतंय का ते बघतात. भिंतींवरच्या आवाज शोषणाऱ्या पट्ट्यांना कुठे भोक पडलंय का, ते मी बघते.

या फेरीला वीस मिनिटं लागतात आणि नियमावलीतली निम्मी कलमं या वीस मिनिटांवर उभी असतात. ‘नुकसान झाल्यास भरपाई आयोजकाकडून वसूल केली जाईल’ हे वाक्य बहुतेक सभागृहांच्या नियमांत असतं. पण काय आधीपासून मोडलेलं होतं आणि काय आज मोडलं, हे सांगणारा कागद नसेल तर ते वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. संध्याकाळी संस्था म्हणते तुम्ही मोडलं, आयोजक म्हणतो आधीच मोडलेलं होतं, आणि ज्याच्या हातात अनामत असते त्याचं खरं ठरतं. हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून आमच्या नियमात एक वाक्य जास्तीचं आहे: ताबा-पत्रकावर आयोजकाची सही नसेल, तर संस्थेला नुकसानभरपाई मागता येणार नाही. हे वाक्य आम्ही स्वतःवर घातलेलं बंधन आहे.

साडेआठ

सकाळचं सत्र एका कंपनीच्या प्रशिक्षणाचं आहे. त्यांचे समन्वयक साडेआठला येतात. सत्राआधीचा अर्धा तास तयारीसाठी मोफत आहे. पण त्या अर्ध्या तासात एसी लागत नाही, फक्त दिवे आणि पंखे.

“मॅडम, हे सगळं बघायलाच पाहिजे का? आमची माणसं नऊला येतील.”

“पाहिजे सर. दहा मिनिटं लागतील. यात तुमचाच फायदा आहे.”

आम्ही ओळीने चालतो. ‘ड’ सातची फळी ते हाताने हलवून बघतात. मग त्यांचं लक्ष ‘ह’ ओळीकडे जातं, तिथे एका फळीची बिजागरी ढिली आहे. ती माझ्या नजरेतून सुटली होती, तीही लिहितो. मंचावर आले की ते विचारतात, बॅनर कुठे लावायचा? मंचामागे लोखंडी आडवी नळी आहे, तिला दोरीने किंवा चिमट्यांनी बांधायचा. भिंतीला दुहेरी चिकटपट्टी लावायची नाही. ही बंदी का, तेही मी सांगते: पट्टी काढताना रंगाबरोबर खालच्या लांबीचाही पापुद्रा निघतो, आणि तेवढ्याच तुकड्याला रंग लावला तर तो शेजारच्या जुन्या रंगाशी जुळत नाही. कारण सांगितलं की नियम पाळला जाण्याची शक्यता वाढते.

सही होते, एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मग किल्ली. सत्राची वेळ किल्ली परत येईपर्यंत धरायची, कार्यक्रमाची वेळ धरायची नाही, हे मी तोंडी पुन्हा सांगते. अर्जावर ते लिहिलेलं आहे, तरी सांगते. भाड्यावरून होणारे वाद बहुतेक या एका गोष्टीवरून होतात. कार्यक्रम एकला संपला तरी चहाचे थर्मास, बॅनर, उरलेल्या फायली आणि गप्पा मारत थांबलेली माणसं बाहेर पडायला अर्धा तास लागतो.

सकाळी 10

ऑफिसात बसून आलेले अर्ज बघते. अर्जावर मी तीन गोष्टी आधी वाचते: अर्जदार कोण, कार्यक्रमाचा विषय काय, आणि प्रवेश कुणाला आहे. दर यांवर ठरतो. शैक्षणिक, साहित्यिक किंवा सामाजिक काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा विनामूल्य कार्यक्रम असेल तर सत्राला 8,000 रुपये, बाकी सगळ्यांना 12,000. अनामत दोघांनाही 10,000. भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, अनामतीवर लागत नाही.

“तुमची संस्था धर्मादाय आहे, मग जीएसटी कसला?” हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. न्यास धर्मादाय असला तरी सभागृह भाड्याने देणं ही करपात्र सेवा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि कर घ्यावाच लागतो. मंदिराच्या किंवा इतर धार्मिक स्थळाच्या आवारातल्या सभागृहाला काही मर्यादेपर्यंत सूट आहे, तीच लोकांच्या ऐकिवात असते. आमचं सभागृह त्यात बसत नाही.

आज एक अर्ज अडतो. अर्जदार एक वाचक मंडळ आहे, दर 8,000 चा मागितलाय, पण सोबत जोडलेल्या पत्रिकेवर एका गुंतवणूक सल्लागाराचं नाव मोठं आणि मंडळाचं नाव खाली बारीक. मी मंडळाच्या सचिवांना फोन करते.

“अहो ताई, ते आमचे देणगीदार आहेत. खर्च ते करणार, नाव आमचं.”

“काका, कार्यक्रमात ते त्यांच्या योजना विकणार आहेत का?”

थोडा वेळ गप्प राहून ते म्हणतात, “फॉर्म ठेवणार आहेत बाहेर.”

मग हा कार्यक्रम 12,000 च्या दरात बसतो, आणि अर्ज सल्लागारांच्या नावाने यायला हवा. दरातला फरक 4,000 चा आहे, पण मला जास्त काळजी जबाबदारीची वाटते. आमच्या नियमात आरक्षण दुसऱ्याला देता येत नाही ते यासाठीच. ज्याने सही केली तो माणूस कार्यक्रमाच्या दिवशी हजर नसेल, तर मोडलेल्या वस्तूचे पैसे, वेळेवर बाहेर न पडणारी गर्दी आणि दारातला गोंधळ, सगळं एका अशा माणसाच्या माथी पडतं ज्याला यातलं काही माहीत नसतं. काका समजून घेतात. सोमवारी नवा अर्ज येईल.

साडेअकरा

रद्द करण्याचा फोन. एका क्लासने पालकांसाठी मार्गदर्शनाचं सत्र ठेवलं होतं, तारीख बारा दिवसांवर आलीये. वक्त्यांना ऐनवेळी परदेशी जावं लागतंय. क्लासचे संचालक वैतागलेले आहेत.

“मॅडम, आम्ही हॉल वापरलाच नाही. पैसे कशाचे कापता?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नियम क्रमांक सांगून देता येत नाही. आमचं कोष्टक असं आहे: तीस दिवस किंवा त्याहून आधी कळवलं तर भाड्याच्या 10 टक्के कापतो, पंधरा ते एकोणतीस दिवस आधी कळवलं तर 25 टक्के, सात ते चौदा दिवस असतील तर 50 टक्के, आणि सात दिवसांच्या आत पूर्ण भाडं. अनामत मात्र कुठल्याही परिस्थितीत पूर्ण परत. ज्या सभागृहाचा ताबाच दिलेला नाही, त्याची अनामत ठेवून घेण्याला काही आधार नाही. तरी काही ठिकाणी रद्द केल्यावर अनामतसुद्धा जप्त होते, ते मला पटत नाही.

आता कापायचे पैसे. आपल्या करार कायद्यात, म्हणजे 1872 च्या कायद्यात, कलम 74 आहे. करारात मोडल्याबद्दलची रक्कम लिहून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे फार नीट मांडलं. प्राधिकरणाने एका भूखंडाच्या लिलावातली 78 लाखांची बयाणा रक्कम जप्त केली होती, आणि पुढे तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. नुकसान झालंच नाही तर भरपाई कशाची, असं म्हणून न्यायालयाने ती रक्कम परत करायला लावली.

सभागृहाचं सत्र हा काही भूखंड नाही. भूखंड उद्याही तिथेच असतो, 14 तारखेची सकाळ गेली की गेली. म्हणून उशिरा रद्द केल्यावर जास्त कापणं योग्यच आहे, कारण बारा दिवसांत दुसरा आयोजक मिळणं अवघड असतं. लोक पत्रिका महिनाभर आधी छापतात. पण तीच तारीख दुसऱ्याने घेतली तर? एका सत्राचं भाडं दोघांकडून घेणं चुकीचं आहे. म्हणून कोष्टकाखाली एक ओळ आहे: रद्द झालेलं सत्र पुन्हा त्याच दराने गेलं, तर फक्त 10 टक्के कामकाजाचा खर्च ठेवून बाकी रक्कम परत केली जाईल.

मी संचालकांना आकडे सांगते. त्यांनी भाडं 12,000 आणि जीएसटी 2,160 असे 14,160 रुपये भरलेत, शिवाय अनामत 10,000. आज पन्नास टक्के म्हणजे 6,000 कापले जातात. कापलेल्या रकमेवरही जीएसटी लागतो, 1,080 रुपये. हे ऐकून सगळेच चिडतात, पण केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: रद्द करण्याचं शुल्क मूळ सेवेबरोबर चालतं आणि त्याच दराने करपात्र असतं. म्हणजे 7,080 आमच्याकडे राहतात, 7,080 परत जातात आणि अनामतीचे 10,000, एकूण 17,080. हे पैसे सात दिवसांत त्यांच्या खात्यावर जातील.

“आणि तारीख दुसऱ्या कुणी घेतली तर?”

“तर 1,200 आणि त्यावरचा 216 कर एवढंच आमच्याकडे राहील. आणखी 5,664 तुम्हाला परत मिळतील. ती तारीख मी आत्ताच प्रतीक्षायादीतल्या लोकांना कळवते.”

“मीच कुणी शोधला तर चालेल?”

“चालेल. पण अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने यायला हवा.”

फोन ठेवताना त्यांचा आवाज निवळलेला असतो. प्रतीक्षायादीत त्या तारखेसाठी दोन नावं आहेत, दोघांनाही मी निरोप पाठवते. रद्द करण्याचा नियम लिहिणाऱ्याने प्रतीक्षायादी ठेवलीच पाहिजे. नाहीतर ‘सत्र पुन्हा गेल्यास’ ही ओळ नुसती कागदावर राहते.

याच कलमाची दुसरी बाजू अनेक नियमावल्यांत सापडत नाही. ‘कोणतेही कारण न देता आरक्षण रद्द करण्याचा अधिकार संस्थेस राहील’ एवढं एकच वाक्य असतं. आयोजकाने रद्द केलं तर टक्केवारी, संस्थेने केलं तर नुसता अधिकार. आमच्याकडे संस्थेमुळे सत्र देता आलं नाही, उदाहरणार्थ एसीचा कॉम्प्रेसर बसला किंवा छत गळायला लागलं, तर भाडं, कर आणि अनामत पूर्ण परत, आणि संस्थेतली 60 खुर्च्यांची खोली हवी असल्यास विनामूल्य. सरकारी आदेशाने सभागृह बंद ठेवावं लागलं, जसं मार्च 2020 मध्ये झालं, तर कुणाचाच दोष नसतो. तेव्हा एक रुपयाही न कापता पैसे परत किंवा पुढची तारीख, यातला पर्याय आयोजकाने निवडायचा.

दुपारी 1

प्रशिक्षण संपायला आलंय. मी सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहते. आत प्रश्नोत्तरं चालू आहेत. समन्वयक हाताने पाच मिनिटं अशी खूण करतात. पहिली पंधरा मिनिटं आम्ही सोडून देतो. त्यानंतरच्या प्रत्येक अर्ध्या तासाला दीड हजार, म्हणजे त्यांच्याच दराचा आठवा भाग. जास्त वेळ राहिल्याबद्दल दुप्पट दर लावावा असं आमच्या समितीत एकदा सुचवलं गेलं होतं. मी त्याला विरोध केला. दुप्पट दराने माणूस वेळेत बाहेर पडत नाही, फक्त हिशोबाच्या वेळी भांडतो. वेळेत बाहेर काढायचं तर साडेबाराला मंचाजवळ जाऊन आयोजकाला हळूच वेळ सांगावी लागते, आणि ते काम दादांनी आज केलेलं आहे.

किल्ली परत येते एक वाजून चाळीस मिनिटांनी. पंधरा मिनिटं सोडली तर पंचवीस उरतात, म्हणजे एक अर्धा तास.

पावणेदोन

दिवसातलं सगळ्यात नाजूक काम आता. समन्वयक, दादा आणि मी सकाळचंच पान हातात घेऊन पुन्हा ओळीने चालतो.

‘ड’ सात, ती सकाळीच लिहिलेली होती, पुढे. ‘ह’ ओळीतली ढिली बिजागरी आता पूर्ण निखळली आहे, फळी खुर्चीला लोंबकळते आहे. समन्वयक माझ्याकडे बघतात. मी बिजागरीची भोकं दाखवते. स्क्रूची भोकं वापराने मोठी झालीयेत आणि आतलं लाकूड काळपट आहे. ही झीज आहे. कुणी तिच्यावर जोर दिला नसता तरी महिनाभरात ती निखळलीच असती. याचा खर्च संस्थेचा.

‘ब’ ओळीतल्या अकराव्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे. फळी मधोमध चिरली आहे आणि चिरेची कड पांढरी स्वच्छ आहे, धूळ नाही, मळ नाही. जुन्या चिरेत घामाचा, धुळीचा काळा थर बसलेला असतो. फळीवर कुणीतरी बसलं असणार. हे आजचं आहे, आणि सकाळच्या पानावर त्या चौकटीत काहीच लिहिलेलं नाही. समन्वयक स्वतः वाकून बघतात आणि मान हलवतात.

मंचावर एक हातात धरायचा माईक. जाळी एका बाजूने आत गेलीये. दादा तो चालू करून बोलून बघतात, मग हळूच जवळ नेतात, लांब नेतात. आवाज स्वच्छ येतोय, खरखर नाही, म्हणजे आतला भाग शाबूत आहे. फक्त जाळी बदलावी लागेल. माईक पडला की पुष्कळ ठिकाणी नव्या संचाची किंमत मागतात. चार वर्षं वापरलेल्या माईकची भरपाई नव्या माईकच्या किमतीने घेतली, तर आयोजकाच्या पैशातून संस्था जुन्याच्या जागी नवा माईक मिळवते. आमचा नियम असा: दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचं खरं बिल, होत नसेल तर वापरलेल्या वर्षांची घट वजा करून उरलेली किंमत, आणि यातलं जे कमी असेल तेवढंच.

शेवटी भिंत. मंचाच्या उजव्या बाजूला चार ठिकाणी रंगाचे पापुद्रे निघालेत. बॅनर नळीलाच बांधला होता, पण कुणीतरी त्याच्याखाली कंपनीची चार छोटी पोस्टरं चिकटपट्टीने लावली होती.

“आमच्या इव्हेंटवाल्या मुलाने लावली असतील, त्याला माहीत नव्हतं.”

“सर, त्याला सकाळी सांगायला हवं होतं. सही तुमची आहे.”

मी सगळ्याचे फोटो काढते, त्यांच्या फोनवरही पाठवते, आणि पानावर दुसऱ्या बाजूला लिहिते. फळीचे 850, जाळीचे 700, रंगाऱ्याचे 1,200, एकूण 2,750 अंदाजे. खरी बिलं आली की त्यांच्या प्रती पाठवू, आणि बिल कमी आलं तर फरक परत. याशिवाय जास्तीच्या अर्ध्या तासाचे 1,500 आणि त्यावर 270 जीएसटी. नुकसानीच्या 2,750 वर कर नाही, कारण ती सेवेची किंमत नसून झालेल्या हानीची भरपाई आहे. त्याच 2022 च्या परिपत्रकात हा फरकही केलेला आहे. पण अनामतीतून जास्तीच्या वेळेचे पैसे वळते केले की ते भाडं ठरतं, आणि भाड्यावर कर लागतो. एकूण वजा 4,520, परत 5,480.

समन्वयक आकडे पुन्हा बेरीज करून बघतात आणि सही करतात. ‘ह’ ओळीच्या बिजागरीचा विषय आम्हीच सोडला, म्हणून बाकीच्यांवर वाद झाला नाही, असं मला वाटतं. नुकसानीचं कलम चालवताना आधी आपलं काय ते आपण मान्य करायचं, ही माझी पद्धत आहे.

अडीच

डबा. मावशींनी तोवर सभागृह झाडून घेतलेलं असतं. दादा माईकचं नाव बिघाडाच्या वहीत चढवतात.

संध्याकाळी 4

संध्याकाळी एका छोट्या साहित्यिक मंडळाचं पुस्तक प्रकाशन आहे. कवयित्री स्वतः, त्यांची मुलगी आणि मंडळाचे दोन ज्येष्ठ सभासद वेळेआधीच आलेत. पान घेऊन फेरी होते. भिंतीचे पापुद्रे, ‘ब’ अकरा, ‘ह’ ओळीतली लोंबकळणारी फळी, सगळं आता नव्या पानावर ‘आधीचं’ म्हणून चढतं. दुपारच्या फेरीतली प्रत्येक नोंद संध्याकाळच्या पानावर यायलाच हवी. ती राहिली, तर एकाच फळीचे पैसे दोघांकडून मागितले जातील.

मंडळाने समई आणलीये. समई चालते, पण पितळी परातीत रेती घालून, मंचाच्या मध्यभागी, पडद्यापासून दोन हात लांब. तेल लाकडावर सांडलं की डाग निघत नाही आणि मंच निसरडा होतो. उदबत्ती, धूप आणि धुराचं यंत्र चालत नाही. छताला धूर ओळखणारी यंत्रं आहेत, ती वाजली की 180 माणसं एकदम उठतात.

साडेपाचला खरी अडचण येते. सगळ्या खुर्च्या भरल्या आणि माणसं येतच आहेत. मंडळाचे एक काका बाहेरच्या व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत आणून मधल्या वाटेत मांडायला लागतात. मी त्यांना थांबवते.

“अहो मॅडम, वयस्कर माणसं आहेत. उभं राहायचं का त्यांनी?”

“काका, वाटेत खुर्ची नको. तेवढं एक मी ऐकणार नाही.”

या एका नियमात मी कुणालाच सवलत देत नाही. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आग लागली तेव्हा 59 माणसं गेली. तिथल्या बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या आणि त्यामुळे बाहेर पडायचा एक मार्ग बंद झाला होता. माणसं धुराने गुदमरून गेली. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते प्रमाणपत्र आमच्या ऑफिसात लावलेलं आहे. पण वाट खुर्च्यांनी अडली की त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

तोडगा असतोच. दादा व्हरांड्यात एक स्पीकर लावून देतात, खुर्च्या तिथेच ठेवतो, दार उघडं ठेवतो. ज्येष्ठांना आत बसवून तरुण मुलं बाहेर येतात. शिस्तीचे नियम लिहिताना नुसतं ‘मनाई’ लिहू नये, मनाईच्या वेळी काय करता येईल तेही सभागृहाच्या माणसाला माहीत असावं. हा जादा स्पीकर दरपत्रकात विनामूल्य आहे, तो याचसाठी.

पेढे वाटायचे आहेत, ते व्हरांड्यात. आत फक्त पाणी, तेही झाकणाच्या बाटलीतून, आणि साउंडच्या टेबलावर अजिबात नाही. मिक्सरवर अर्धा पेला पाणी सांडलं तर तो त्या कार्यक्रमापुरता तरी गेलाच.

रात्री साडेआठ

प्रकाशन वेळेत संपलंय. कवयित्रीबाईंच्या भोवती सहीसाठी माणसं आहेत. मी त्यांच्या मुलीला सांगते की आईंना व्हरांड्यात बसवू, तिथे उजेड आहे आणि घाई नाही. सभागृह रिकामं होतं. किल्ली आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी हातात येते, पंधरा मिनिटांच्या आत.

शेवटची फेरी. पानाची दुसरी बाजू कोरी आहे, एकही नवी नोंद नाही. परातीतली रेती मावशी बादलीत ओततात. मंडळाची अनामत 10,000 पूर्ण परत, सोमवारी खात्यावर जाईल. सकाळच्या कंपनीचे 5,480 परत करायची चिठ्ठी आणि कराच्या बिलाचे आकडे मी हिशोबनिसांच्या खणात ठेवते. क्लासच्या 17,080 रुपयांची चिठ्ठी वेगळी. प्रतीक्षायादीतल्या एकांचा होकार आलाय. त्यांचा अर्ज आणि पैसे आले की क्लासला आणखी 5,664 जातील.

सभागृह घेणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. किल्ली घ्यायला अर्धा तास आधी या, आणि जो माणूस किल्ली परत करणार आहे त्यालाच ती घ्यायला पाठवा. तुमच्याशी कुणी फेरी मारत नसेल, तर फोनच्या कॅमेऱ्याने खुर्च्या, भिंती आणि मंच टिपून घ्या आणि ते फोटो माणसं आत येण्याआधी सभागृहाच्या ऑफिसला पाठवून द्या.